लाल पेन आणि 'डिमांड'चा गुन्हा

अर्थशास्त्राच्या गठ्ठ्यातली ती चौथी उत्तरपत्रिका तुम्ही ज्या चपळाईने निकालात काढलीत, तिला तोड नाही. बी.ए.चा मराठी माध्यमाचा पेपर, दहा गुणांचा प्रश्न: मागणीचा नियम सांगून त्याचे अपवाद लिहा. पोराने पहिल्याच ओळीत लिहिलं, 'इतर गोष्टी कायम असताना प्राइस वाढली की डिमांड कमी होते.' तुमच्या लाल पेनाने 'प्राइस'खाली एक रेघ मारली, 'डिमांड'खाली दुसरी मारली, आणि पान न उलटताच समासात आकडा टाकला, ३. तुमची तपासणी पुन्हा पडताळणाऱ्या मॉडरेटरने तेच उत्तर वाचून ८ दिले. कागद तोच, नमुना उत्तर तेच आणि फरक पाच गुणांचा. याला कुणी गोंधळ म्हणेल. आम्ही याला कौशल्य म्हणतो. ते तुमच्याबरोबर निवृत्त होऊ नये म्हणून नव्या परीक्षकांसाठी हे काही सल्ले.

सर्वांत आधी, मिश्र भाषेचं काय करायचं हे गठ्ठा उघडण्यापूर्वी मुळीच ठरवू नका. विद्यापीठाचा नियम काय आहे, प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना काय म्हणतात, नमुना उत्तरात भाषेसाठी वेगळे गुण ठेवलेत का, असल्या चौकशा केल्या की मजा जाते. निर्णय उत्तरपत्रिकेगणिक होऊ द्या. सकाळी पहिल्या दहा पोरांचा प्रत्येक इंग्रजी शब्द कापा. तिसाव्यापर्यंत कापून कापून हात दुखायला लागतो, तेव्हा फक्त रेघा मारा. चहानंतर रेघाही सोडा. ज्याची उत्तरपत्रिका गठ्ठ्यात खाली गेली त्याचं नशीब चांगलं. मागे जाऊन पहिल्या दहा पुन्हा बघण्याचा मोह झालाच, तर कॅपमध्ये, म्हणजे उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्रात, रोजचा कोटा असतो याचं स्मरण करा.

पेपर नेमकं काय तपासतोय, हा प्रश्न स्वतःला विचारू नका. मराठीच्या पेपरात पत्रलेखन असतं, तिथे भाषा हाच विषय असतो आणि तिला वेगळे गुण असतात. अर्थशास्त्राच्या पेपरात भाषा हे वाहन असतं आणि गुण आतल्या मालाला असतात. हा फरक एकदा ध्यानात आला की दोन्ही ठिकाणी एकाच पट्टीने मारता येत नाही. म्हणून तो ध्यानात येऊ देऊ नका. आणि पत्रलेखनातही विवेक नकोच. वीज कंपनीला लिहिलेल्या तक्रारीत 'मीटर' आणि 'बिल' आलं की कापा. त्याजागी काय लिहायचं हे सुचवण्याची जबाबदारी तुमची नाही. तुम्हालाही सुचत नाही हे कुणाला कळणार नाही.

शेरा मात्र जरूर लिहा. 'आन्सर प्रॉपर मराठीत लिहिणे.'

आता गणिताचा भाग. एक परकीय शब्द म्हणजे एक चूक, असं धरू नका. तो जितक्यांदा येईल तितक्या चुका धरा. 'डिमांड' हा शब्द या उत्तरात चौदा वेळा आलाय. दर वेळी अर्धा गुण कापला तर सात गुण जातात आणि उरतात बरोबर तीन. बघा, तुमचा आकडा शास्त्रशुद्ध निघाला. पोराने मागणीच्या जागी डिमांड लिहायचा निर्णय एकदाच घेतला होता आणि नंतर तो इमानदारीने पाळला होता, हा युक्तिवाद कुणी केलाच तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

यानंतरचा सल्ला सगळ्यांत महत्त्वाचा. आकृतीकडे बघू नका. अक्षरांकडे बघा, आकृतीकडे कधीच नको.

कारण आकृती पाहिली की पंचाईत होते. 'डिमांड वाढते' या शब्दांत खरंच एक चूक लपलेली असू शकते, पण ती भाषेची नाही. किंमत उतरल्यामुळे लोक जास्त नग घेतात तेव्हा मागणीचा विस्तार होतो आणि आपण त्याच वक्रावर खाली सरकतो. किंमत तीच असताना उत्पन्न वाढल्यामुळे किंवा आवड बदलल्यामुळे लोक जास्त घेतात तेव्हा मागणीत वृद्धी होते आणि अख्खा वक्र उजवीकडे जातो. पोराला या दोन गोष्टी वेगळ्या कळल्यात का, हे 'डिमांड वाढते' या दोन शब्दांवरून ठरत नाही. ते आकृतीवरून ठरतं. एकच वक्र काढून त्यावर दोन बिंदू दाखवले असतील तर त्याला विस्तार कळलाय. किंमत उतरल्याचं सांगून शेजारी दुसरा वक्र काढला असेल तर कळलेलं नाही, आणि तिथे गुण जायलाच हवेत, मग त्याने ज्ञानेश्वरीच्या मराठीत का लिहिलेलं असेना. या पोराने एकच वक्र काढलाय. वर २० रुपयांचा बिंदू, खाली १० रुपयांचा, मधे खाली जाणारा बाण. अक्षांना नावं दिलीत. आकृतीचे दोन्ही गुण त्याचे आहेत.

आणि गंमत अशी की पाचव्या उत्तरपत्रिकेत एका मुलीने शुद्ध मराठीत 'किंमत कमी झाल्यावर मागणी वाढते' असं लिहिलं, आणि त्यापुढे दोन वक्र काढले. तिला तुम्ही स्पष्टीकरणाचा पूर्ण गुण दिलात, आकृतीचे दोनही दिलेत. का? तर वाचताना कुठे खडा लागला नाही! म्हणजे चुकीची संकल्पना मराठीत असेल तर चालते आणि बरोबर संकल्पना डिमांडमध्ये असेल तर चालत नाही. मग तुम्ही तपासत काय होतात, अर्थशास्त्र की शुद्धलेखन? आणि शुद्धलेखन तपासत होतात तर तिच्या 'किमंत'वरचा चुकलेला अनुस्वार कसा सुटला?

तेच अपवादांचं. पोराने लिहिलंय, 'गिफेन गुड्समध्ये उलट होतं, कारण भाकरी महाग झाली की गरीब माणसाला बाकी काही परवडत नाही, म्हणून तो मटण बंद करून भाकरीच जास्त खातो. इथे इन्कम इफेक्ट हा सबस्टिट्यूशन इफेक्टपेक्षा मोठा असतो.' आता हे नीट वाचा. वस्तू निकृष्ट प्रतीची, तिच्यावर गरिबाचा मोठा खर्च, किंमत वाढल्याने खरं उत्पन्न घटतं आणि उत्पन्न परिणाम पर्यायता परिणामावर मात करतो. सगळं आलंय. वर्गातल्या निम्म्या शुद्ध मराठी उत्तरांत नुसतं 'गिफेन वस्तू हा अपवाद आहे' एवढंच वाक्य आहे, कारण नाही, आणि त्यांना तुम्ही एकेक गुण वाटत सुटलात.

बरं, हा पोरगा 'इन्कम इफेक्ट' कुठून शिकला? रस्त्यावर? तो वर्गात शिकला. वर्षभर फळ्यासमोर उभं राहून 'डिमांड कर्व्ह लेफ्टकडून राइटला खाली येतो' असं कोण सांगत होतं? प्रश्नपत्रिकेवर वर इंग्रजी प्रश्न, खाली त्याचं अर्धवट मराठी, आणि शंका आल्यास इंग्रजी प्रश्न प्रमाण मानावा अशी सूचना कोण छापतं? शिकवायचं खिचडीत, विचारायचं दोन भाषांत, आणि तपासताना एकदम सोवळं नेसायचं.

हिंदीचं काय, तेही सांगून टाकतो. हिंदी आली की पास करा, लिपी देवनागरीच असते, कोण बघतंय. 'सरकारने शिक्षेवरचा खर्च वाढवला' असं वाक्य आलं तर शाळांवर वाढवला की तुरुंगांवर, याचा विचार करू नका. 'यातायातीवर खर्च' म्हणजे वाहतूक की हालअपेष्टा, तेही सोडा. जिथे मिसळीमुळे अर्थच दुभंगतो तिथे डोळे मिटायचे आणि जिथे अर्थ स्वच्छ आहे तिथे पेन उगारायचा.

नियम हवेच असतील तर दुसऱ्यांचे वाचू नका. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेचे तर अजिबात नको. तिथे मराठीतून लिहिणाऱ्याने पारिभाषिक शब्दाचं इंग्रजी रूप कंसात दिलं तर चालतं, पण त्या सवलतीचा गैरवापर केला तर एकूण गुणांतून कपात होते, आणि टोकाला गेलं तर अनधिकृत माध्यम म्हणून उत्तरपत्रिका तपासलीच जात नाही. नियम कडक आहे, पण तो उमेदवाराला आधी सांगितलेला असतो. तुमचा नियम पोराला निकालानंतर कळतो. शिवाय इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमातही स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत असं यूजीसीने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना सुचवलंय. म्हणजे मिसळलेली उत्तरं आता दोन्ही बाजूंनी येणार आहेत आणि तुमच्याकडे त्यासाठी काय आहे? लाल पेन.

पुरे झाला उपरोध.

अवघड काहीच नाही हो यात. गठ्ठा उघडायच्या आधी तुम्ही तिघे-चौघे परीक्षक एका टेबलाशी बसा. चार-पाच मिश्र भाषेतल्या उत्तरपत्रिका काढा, सगळ्यांनी त्याच तपासा आणि आकडे जुळवा. नियमात किंवा सूचनेत भाषेसाठी कपात लिहिलेली नसेल तर कपात करायचा अधिकार तुम्हाला नाही, संपलं. लिहिलेली असेल तर आधी भाषेकडे न बघता आशयाचे गुण द्या आणि मग भाषेचे एकदाच, ठरलेल्या मर्यादेत कापा. चौदा वेळा नाही. संज्ञा इंग्रजी असेल तर तिच्याभोवतीचं वाक्य बघा. कारण आणि परिणाम वाक्यात बरोबर जोडलेले असतील तर गुण त्या जोडणीला आहेत. अख्खे परिच्छेदच दुसऱ्या भाषेत असतील तर स्वतःच्या मनाने शून्य टाकू नका, तो प्रश्न केंद्रप्रमुखांकडे लेखी पाठवा. तुम्हाला ती भाषा येत नसेल तर येणाऱ्याला द्या. आणि कापलेल्या प्रत्येक गुणाचं कारण समासात लिहा, कारण स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच मान्य केलाय. तो पोरगा प्रत मागवणार आणि त्याला दिसणार काय? चौदा रेघा आणि एक ३.

ते उत्तर नमुना उत्तराला लावून बघा. नियमाचं विधान २ पैकी २. तक्ता १ पैकी १. आकृती २ पैकी २. स्पष्टीकरण १ पैकी १. अपवाद चार लिहायचे होते, त्याने दोनच समजावलेत, ४ पैकी २. झाले ८. दोन गुण गेले ते न लिहिलेल्या अपवादांचे, डिमांडचे नाहीत. मॉडरेटरने काही दया दाखवलेली नाही, त्याने फक्त पान उलटलं.

मॉडरेटरच्या हाती गठ्ठ्यातल्या थोड्याच उत्तरपत्रिका लागतात. ही चौथी लागली म्हणून सापडली. बाकीच्या ज्यांच्यावर तुम्ही सकाळी रेघा मारल्या, त्या अजून त्याच गठ्ठ्यात, वरून पहिल्या दहांत आहेत. दोरी सोडा आणि काढा त्या बाहेर.