बी प्लस 86.67 ला सुरू होत नाही

«अमेरिकेत शिकणाऱ्यांसाठी: प्लस-मायनस ग्रेड काढणं सोपं आहे. 80 ते 90 चे तीन समान भाग करा, 86.67 ओलांडलं की बी प्लस. कॅनव्हासवर दिसणारे टक्के आणि 87 यांत जेवढा फरक, तेवढेच टक्के फायनलला जास्त हवेत. 86.5 झाले तरी ते राउंड होऊन 87 होतातच. आणि 97 च्या वर ए प्लस, म्हणजे 4.3.»

असा एक फॉरवर्ड फिरतो आहे. त्यातलं कॅनव्हास म्हणजे कोर्सचे गुण दाखवणारी ऑनलाइन प्रणाली. तीन समान भागांची कल्पना कुठून आली असावी ते कळतं. बहुतेक विद्यापीठांत बी चे 3.0 गुण, बी प्लसचे 3.3 आणि ए मायनसचे 3.7. काही ठिकाणी 3.33 आणि 3.67 लिहितात. म्हणजे पूर्ण गुणाचे तीन तुकडे खरोखरच आहेत, पण ते ग्रेड पॉइंटचे. टक्क्यांच्या पट्ट्या पूर्णांकात छापायच्या असतात आणि दहाला तीनने नीट भाग जात नाही. त्यामुळे अमेरिकी सिलॅबसमध्ये सर्वांत जास्त दिसणारी वाटणी 3-4-3 अशी असते: 80 ते 82 बी मायनस, 83 ते 86 बी, 87 ते 89 बी प्लस. उरलेला एक टक्का मधल्या बी च्या वाट्याला जातो. प्राध्यापकाने स्वतःची पट्टी न बनवता कॅनव्हासची तयार पट्टी वापरली, तर तिथे बी मायनस 80 पासून 84 च्या खालपर्यंत जाते आणि बी 84 ला सुरू होते. बी प्लस मात्र तिथेही 87 लाच आहे. 86.67 हा आकडा यांपैकी एकाही पट्टीत नाही.

सीमा ओलांडून कॅनडात गेलात तर 87 चाही उपयोग नाही. टोरोंटो विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमात 77 ते 79 ला बी प्लस मिळतो, 80 ला ए मायनस, 85 ला ए आणि 90 ला ए प्लस. तिथे 87 म्हणजे सरळ ए. म्हणून पहिलं काम आकडेमोडीचं नाही, आपल्या कोर्सचा सिलॅबस उघडून ग्रेडिंगचा परिच्छेद वाचण्याचं आहे. बरेचदा एकाच विभागातल्या दोन कोर्सांच्या पट्ट्याही वेगळ्या निघतात.

आता फरकाची गोष्ट. फॉरवर्डमधली सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा कोर्समध्ये होमवर्कला 20 टक्के, लॅबला 10, क्विझला 10, मिडटर्मला 25 आणि फायनलला 35 टक्के वजन आहे. विद्यार्थिनीची होमवर्कची सरासरी 94, लॅब 96, क्विझ 82, मिडटर्म 78. प्रत्येक सरासरीला तिच्या वजनाने गुणलं की कोर्सच्या शंभरांपैकी आतापर्यंत काय जमा झालं ते कळतं: 18.8, 9.6, 8.2 आणि 19.5. बेरीज 56.1. हे 65 पैकी आहेत, म्हणून कॅनव्हास 86.31 टक्के दाखवतो.

फॉरवर्डच्या हिशोबाने 87 ला 0.69 कमी आहेत, म्हणजे फायनलला 87 टक्के पुरेत. करून पाहा. 35 चे 87 टक्के होतात 30.45, त्यात 56.1 मिळवले की 86.55. बी प्लस नाही, बी. कारण उघड आहे: फायनलचं वजन 35 टक्के, म्हणून फायनलमध्ये एक टक्का जास्त मिळवला तर एकूण टक्केवारी जेमतेम 0.35 ने वर सरकते. फरक भरून काढायचा तर त्याला 0.35 ने भागावं लागतं. नेमका फरक 0.692, तो भागिले 0.35 म्हणजे जवळपास 1.98, आणि ते 86.31 मध्ये मिळवले की 88.29. काही जण आणखी एक युक्ती सांगतात, 87 ची दुप्पट करून त्यातून आत्ताचे टक्के वजा करायची. त्या युक्तीने 87.69 येतात आणि एकूण 86.79 वर अडकतं. ती युक्ती फायनलचं वजन बरोबर निम्मं असेल तेव्हाच खरी ठरते.

सूत्र असं आहे. S म्हणजे जमा झालेले गुण, T म्हणजे हव्या असलेल्या पट्टीची खालची कड, w म्हणजे फायनलचं वजन:

```
F = (T - S) / w
(87 - 56.1) / 35 = 0.8829
```

टक्के निघाले तरी काम संपत नाही, कारण पेपर टक्क्यांत तपासला जात नाही. फायनल 120 गुणांची असेल तर 88.29 टक्के म्हणजे 105.94 गुण. इथे नेहमीसारखं जवळच्या आकड्याला न नेता कायम वरच्या आकड्याला न्यायचं. इथे योगायोगाने दोन्ही रीतींनी 106 येतात, पण 105.2 आले असते तरी 106 च लागले असते. स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीत होतं:

```
=ROUNDUP((87-56.1)/35*120, 0)
```

उलटा ताळा घ्यायला विसरू नका. 106 गुण म्हणजे 88.33 टक्के, त्याचे 30.92, एकूण 87.02. 105 गुणांना एकूण 86.73 येतात. गंमत पाहा: 86.73 हे 86.67 च्या वर आहेत, म्हणजे तीन समान भागवाल्या हिशोबाने ही मुलगी 105 वर समाधानाने पेन खाली ठेवेल आणि ट्रान्सक्रिप्टवर बी येईल.

हाच हिशोब शेजारच्या पट्ट्यांसाठीही करून ठेवावा. ए मायनससाठी 90 हवेत, म्हणजे 120 पैकी 117. बी टिकवायला 83, म्हणजे 93 गुण. याचा अर्थ 93 पासून 105 पर्यंत काहीही मिळालं तरी ग्रेड बी च राहते. त्याच आठवड्यात दुसऱ्या विषयाची फायनल असेल तर वेळ कुठे घालायचा हे या एका ओळीवरून ठरवता येतं. बी आणि बी प्लसमधला फरक तीन क्रेडिटच्या कोर्समध्ये 0.9 ग्रेड पॉइंटचा असतो. तीस क्रेडिटच्या एमएसमध्ये सीजीपीएवर त्याचा परिणाम 0.03. दुसऱ्या विषयात बी मायनस मिळून सरासरी 3.0 च्या खाली जाण्याचा धोका असेल तर आधी तिकडे पाहावं.

हे सगळं 56.1 खरं असेल तरच. कॅनव्हासवर दिसणाऱ्या टक्क्यांवर डोळे झाकून विसंबता येत नाही. ग्रेड्सच्या पानावर `Calculate based only on graded assignments` ही खूण मुळातच लावलेली असते, म्हणून जे तपासलेलं नाही ते हिशोबातच नसतं. आपल्या उदाहरणात लॅबचे गुण अजून चढले नसते तर त्याच मुलीला 84.55 टक्के दिसले असते आणि तिने विनाकारण धास्ती घेतली असती. उलट प्रकार जास्त घातक. दहा सारख्या वजनाच्या होमवर्कपैकी एक दिलंच नाही, आणि तिथे शून्याऐवजी नुसती रेघ आहे. सरासरी 94 च दिसत राहते. सत्र संपताना तिथे शून्य भरलं की होमवर्क 84.6 वर येतं, जमा 56.1 चे 54.22 होतात आणि बी प्लससाठी 106 च्या जागी 113 लागतात. सात गुणांचा हा खड्डा फायनलच्या आदल्या रात्री दिसत नाही. ती खूण काढून पाहिली की न तपासलेलं सगळं शून्य धरलं जातं. फायनलचंही शून्य धरलं जाणार, म्हणून तेव्हाचा आकडा खूप खाली दिसेल, घाबरू नका. फक्त कुठल्या रेघा उरल्या आहेत ते शोधा. सिलॅबसमध्ये सर्वांत कमी गुणांचं एक होमवर्क सोडून देतात असं लिहिलं असेल तर ते शून्य गळून पडतं आणि 106 कायम राहतात.

राउंडिंगबद्दलचं «होतातच» हे मात्र निव्वळ आशा आहे. कॅनव्हास पुढच्या पट्टीच्या खालचं सगळं आधीच्या पट्टीत टाकतो, 86.9 ला तो बी च दाखवतो. मात्र बऱ्याच सिलॅबसमध्ये «बी 83–86, बी प्लस 87–89» असं पूर्णांकात लिहिलेलं असतं आणि 86.55 या दोन्हींच्या मधल्या फटीत पडतात. त्या फटीचं काय करायचं ते प्राध्यापक ठरवतात. आपल्या उदाहरणात या निर्णयाची किंमत नेमकी किती? 86.5 पुरत असतील तर 120 पैकी 104.23, म्हणजे 105 गुण. पुरत नसतील तर 106. एका गुणाचा प्रश्न आहे. नियम लिहिलेला नसेल तर 106 धरून चाला, आणि विचारायचंच असेल तर फायनलच्या आधी विचारा: «अंतिम टक्केवारी पूर्णांकात राउंड करता का, की 87.00 लागतात?» निकालानंतर हाच प्रश्न गुण वाढवून मागितल्यासारखा ऐकू येतो.

एक अपवाद इथेच सांगायला हवा. काही कोर्समध्ये, विशेषतः मोठ्या वर्गांच्या विज्ञान-अभियांत्रिकी विषयांत, पट्ट्या निकालानंतर वर्गाच्या गुणांवरून ठरतात. तिथे 87 हा आकडाच आधी अस्तित्वात नसतो. वरचं सूत्र अशा ठिकाणी नेमका कटऑफ सांगत नाही; मिडटर्मनंतर प्राध्यापकाने जाहीर केलेल्या तात्पुरत्या पट्ट्या असतील तर त्याच T म्हणून घालाव्यात.

राहिला ए प्लस. आपल्याकडच्या मुलांचा इथे घोळ होण्यामागे युजीसीची दहा गुणांची श्रेणी आहे: तिथे ए प्लसला 9, ए ला 8, बी प्लसला 7, बी ला 6 आणि मायनस नाहीच. प्लस ही तिथे पूर्ण एक पायरी असते. अमेरिकेत ती पायरीचा तिसरा भाग असते, आणि सर्वांत वरच्या टोकाला बहुधा काहीच नसते. बर्कलीत ए प्लस मिळतो, पण त्याचे गुण ए इतकेच, 4.0. कॉर्नेलमध्ये 4.3 मिळतात. हार्वर्ड कॉलेजात ए प्लस ही ग्रेडच नाही. टोरोंटोत ए आणि ए प्लस दोन्ही 4.0. म्हणून 97 साठी जीव काढण्याआधी विद्यापीठाच्या कॅटलॉगमधला ग्रेड पॉइंटचा तक्ता पाहावा: तिथे ए प्लससमोर 4.0 असेल किंवा ती ओळच नसेल, तर ए ची खालची कड, बहुतेक ठिकाणी 93, हीच सूत्रातली T.