मोहाच्या दारूचा गोड वास येतो कुठून?

मोहाच्या दारूचे नाव काढले की आमच्या नागपूरकडे बहुतेकांना वर्तमानपत्रातली छाप्याची बातमी आठवते, ज्यात इतके लिटर सडवा, म्हणजे दारूसाठी पाण्यात आंबवलेली फुले, नष्ट केल्याचे आणि ड्रम उलटे केल्याचे छायाचित्र असते; आणि पाठोपाठ ‘तिचा वास किती घाण असतो’ हे वाक्यही ठरलेलेच असते. मला हे वाक्य फार दिवसांपासून खटकते. ज्याला आपण मोहाचा वास म्हणतो तो पुष्कळदा मोहाचा नसतोच. तो बुरशी लागलेल्या फुलांचा, आंबून व्हिनेगरकडे झुकलेल्या सडव्याचा किंवा भांड्याच्या तळाला करपलेल्या गाळाचा असतो. नीट गाळलेल्या मोहाला गोड, फुलांचा आणि थोडा मनुकांसारखा वास येतो, आणि तो तसा का येतो हे समजले तर दारू न पिणाऱ्यालाही त्यात गंमत वाटेल.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये बस्तरात, कोंडागावच्या बाजूला, एका मित्राच्या नातेवाइकांकडे मी काही दिवस राहिलो होतो. छत्तीसगडमध्ये आदिवासी कुटुंबांना घरगुती वापरापुरती मोहाची दारू गाळण्याची सवलत आहे, त्यामुळे तिथे हे काम चोरून करावे लागत नाही. अंगणात, उजेडात, शेजारीपाजारी बसलेले असताना होते. घरातली आजी हलबी बोलत होती. हलबीचा मराठीशी जवळचा संबंध असल्यामुळे तिचे निम्मे बोलणे मला दुभाष्याशिवाय कळत होते आणि उरलेले तिच्या हातांवरून कळत होते. त्या भागात दारूला ‘मंद’ म्हणतात.

मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटेपासून गळू लागतात. झाडाची पाने त्या सुमारास झडलेली असतात, त्यामुळे खालची जमीन पिवळट पांढऱ्या, मांसल, गोळीएवढ्या फुलांनी भरून जाते. आपण जे वेचतो ते पूर्ण फूल नसतेच. तो पाकळ्या जुळून झालेला, रसाने भरलेला भाग असतो आणि पुंकेसर त्याच्या आत चिकटलेले असतात. फळ धरणारा भाग मात्र झाडावरच राहतो, म्हणून गळलेल्या प्रत्येक फुलाला मधोमध आरपार भोक असते. एक फूल बोटात धरून उजेडाकडे पाहिले तर हे भोक स्पष्ट दिसते. मोह चिकूच्या कुळातला असल्याचे मला ते फूल चावल्यावर पटले: तसाच चिकट गोडवा, आणि मागे एक जनावराच्या अंगासारखा उग्र पदर.

या उग्र पदराचा अर्थ मला नंतर लागला. जैवरसायनशास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मोहाच्या फुलात २-अॅसिटिल-१-पायरोलिन हे रसायन असल्याचे दाखवले. बासमतीला आणि आपल्या आंबेमोहोराला शिजताना जो घमघमाट सुटतो तो मुख्यतः याच रसायनाचा असतो. आणि त्याच ब्रह्मचारींनी ते वाघाच्या मूत्रफवाऱ्यातही शोधले होते. म्हणजे भाताचे भांडे, वाघाने झाडाच्या बुंध्यावर सोडलेली खूण आणि मोहाचे फूल, तिघांच्या वासात एक धागा सामाईक आहे. ताज्या फुलांचा ढीग एखाद्याला सुगंधी वाटतो आणि दुसऱ्याला उंदराच्या बिळासारखा, यात दोघांचेही नाक चुकत नाही. रात्री या झाडावर तुटून पडणाऱ्या वटवाघळांचे मत काय असेल ते उघडच आहे.

दारूच्या वासाचा निम्मा निकाल मात्र वेचणीच्या वेळीच लागतो. अनेक ठिकाणी फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा आधी जाळतात. त्यातून वणवा लागतो ही एक गोष्ट झाली. पण राख आणि माती चिकटलेल्या फुलांचा धुरकट, मातकट वास पुढे कितीही काळजी घेतली तरी जात नाही. आजीच्या घरी झाडाखालची जागा झाडून घेतली होती. अलीकडे काही गावांत झाडाखाली जमिनीपासून वर जाळी बांधतात. फूल मातीला लागतच नाही, आणि माझ्या मते या धंद्यातली ही सर्वांत साधी आणि सर्वांत मोठी सुधारणा आहे.

मग फुले उन्हात वाळवतात. तीन-चार कडक उन्हांत ती लालसर तपकिरी होतात आणि वजन चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येते. वाळताना रंगाबरोबर वासही बदलतो, कारण फुलातली साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांशी मिळून मनुका, काकवी आणि भाजलेल्या खजुराच्या जातीचे नवे वास तयार करतात. चांगले वाळलेले फूल मुठीत दाबले तर चिकटते पण ओले लागत नाही. अर्धवट वाळलेले पोत्यात भरले तर महिनाभरात आतून गरम होते, त्यावर बुरशी धरते आणि कोंदट वास बसतो. आजीने मला एका शेजाऱ्याच्या पोत्यातली मूठभर फुले हुंगायला दिली आणि काही न बोलता माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मला उत्तर द्यावे लागले नाही.

आता दारूकडे येऊ. तिने सुमारे दहा किलो वाळलेली फुले घेऊन पुंकेसर व कचरा झटकला, ती धुतली आणि मोठ्या मडक्यात साधारण तिप्पट पाण्यात भिजत घातली. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग साखरच असतो, म्हणून बाहेरून गूळ घालण्याची मुळात गरज नसते. फुलांवरच असलेली रानटी यीस्ट आणि मडक्याच्या आतल्या थराला चिकटून राहिलेली मागच्या वेळची यीस्ट मिळून काम सुरू करतात. उन्हाळ्यात चार-पाच दिवस लागतात आणि थंडीत त्याहून बरेच जास्त. कान लावला तर बुडबुड्यांची चुरचुर ऐकू येते; ती थांबली आणि वर तरंगणारी फुले तळाला बसू लागली की सडवा तयार झाला असे ती म्हणाली.

मोहाच्या दारूचा जो ‘फुलांचा’ वास आहे तो काही प्रमाणात फुलाचा असला तरी बराचसा याच पाच दिवसांत जन्माला येतो. यीस्ट साखरेपासून मद्यार्क तर करतेच, पण सोबत एस्टर नावाची सुगंधी द्रव्येही करते, ज्यांत पिकलेल्या केळ्याचा आणि फळांचा वास असतो; शिवाय फिनाइल इथेनॉल करते, ज्याला गुलाबाचा वास असतो आणि जे गुलाबातही असते. सडवा दोन-तीन दिवस जास्त उघडा राहिला तर हवेतले जिवाणू मद्यार्काचे व्हिनेगर करतात. म्हणून आजी रोज झाकण उचलून हुंगत होती. ‘डोळ्यात पाणी आणणारा वास आला की उशीर झाला,’ असे काहीसे ती म्हणाली.

गाळण्याची मांडणी तीन मजली होती. चुलीवर सडव्याचे भांडे, त्यावर बुडाला भोके पाडलेले दुसरे भांडे आणि त्याच्या आत धार झेलणारे छोटे भांडे, आणि सर्वांत वर थंड पाण्याची कढई. सांधे ओल्या मातीने आणि फडक्याने लिंपलेले होते. वाफ वर जाते, कढईच्या थंड बुडाला लागून तिचे थेंब होतात आणि ते झेलभांड्यात पडतात. कढईतले पाणी तापले की बदलायचे. किती वेळा बदलले त्यावरून आत किती जमले आणि किती कडक आहे याचा हिशोब ती ठेवत होती.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. साखर वाफेबरोबर वर जात नाही. ती असेल तर खाली सडव्यातच राहते. म्हणजे गाळलेल्या मोहात साखरेचा कणही नसतो, आणि ‘गोड वास’ हा जिभेचा नसून नाकाचा अनुभव आहे. आपल्या नाकाने आयुष्यभर मनुका, केळी आणि फुलांचे वास गोडाबरोबरच घेतलेले असल्यामुळे मेंदू त्यांना गोड म्हणून टाकतो.

आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ हे कौतुकाचे विशेषण झाले आहे. ती सर्वांत कडक असते हे खरे आहे. पण अगदी पहिल्या घोटात नखरंगासारखा झोंबणारा वासही सर्वांत जास्त असतो, कारण झटकन उडणारी हलकी द्रव्ये आधी येतात. फळांचे एस्टर मद्यार्काबरोबर सुरुवातीला आणि मध्यात येतात. गुलाबी वासाचे फिनाइल इथेनॉल मात्र पाण्याबरोबर, उशिरा उतरते. फार लवकर थांबलात तर हा मऊ वास मागेच राहतो, आणि फार वेळ चालू ठेवलेत तर ओल्या फडक्यासारखा, आंबट वास शिरतो. आजीने तिसऱ्या कढईनंतर थांबवले, आणि जाळ सुरुवातीपासून मंद ठेवला होता. मोठ्या जाळावर तळाची फुले करपतात आणि तो वास प्रत्येक थेंबात उतरतो. दहा किलो फुलांतून पाचएक लिटर निघाली. कागदावरच्या हिशोबाने बरीच जास्त निघायला हवी होती, पण घरच्या चुलीवर वाफ निसटते आणि साखरही पूर्ण आंबत नाही.

तिची परीक्षा सोपी होती. तळहातावर दोन थेंब घ्यायचे, हात चोळायचे, मद्यार्क उडून जाईपर्यंत थांबायचे आणि मग हुंगायचे. माझ्या तळहातावर मनुका आणि ओल्या फुलांचा वास पाच-सात मिनिटे राहिला. गुळावर ओढलेल्या दारूत मोह नावालाच असेल तर हात जवळजवळ रिकामा वाटतो. ओतून काडी लावण्याची जी परीक्षा आपल्याकडे चालते, ती फक्त कडकपणा सांगते, सुरक्षितता नाही. विषारी मिथेनॉलही पेटते, आणि त्याची फिकट निळी ज्योत दिवसाउजेडी दिसतही नाही. मुंबईतल्या मालवणीला २०१५ मध्ये शंभराहून जास्त माणसे गेली ती मिथेनॉलनेच, मोहाच्या फुलाने नव्हे. पहिली धार फेकल्याने मिथेनॉल निघून जाते हेही खरे नाही, कारण ते धारेच्या शेवटापर्यंत थोडे थोडे येतच राहते. तळहाताची परीक्षा वासापुरतीच आहे. बाटली कुणी भरली हे माहीत नसेल तर मी ती उघडतही नाही.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि तिथल्या बायकांनी ती का मागितली हे मला ठाऊक आहे. त्यामुळे घराघरात गाळा असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे परवानगीने तयार होणाऱ्या मोहाबद्दल आहे. मध्य प्रदेशाने तो वारसा मद्य म्हणून विकायला काढला आहे आणि इतरत्रही बाटल्या येऊ लागल्या आहेत. त्यातल्या काही मी हुंगल्या आहेत. एक इतकी शुद्ध करून टाकली होती की ती कशाचीही असू शकली असती. दुसरीत वरून सुगंध घातल्याचा संशय आला, कारण तळहातावर तो मिनिटभरात संपला. लेबलवर मद्यार्काच्या टक्केवारीबरोबर फुलाचे प्रमाण आणि गूळ घातला की नाही, एवढे छापणे बंधनकारक करावे.

निघताना आजीने सडव्यातली उरलेली, रंग गेलेली फुले टोपलीत काढून डुकरांपुढे ओतली. मी त्यातली एक उचलून चावली. तिला आता चव नव्हती, आणि वासही जवळजवळ नव्हता.