लाटे आणि काळी कॉफी एक नव्हे

ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'कॉफीत कॅलरी नसतातच. लाटे घ्या नाहीतर व्हॅनिला लाटे, डाएटला सगळं चालतं.'

यातलं पहिलं वाक्य बिनसाखरेच्या काळ्या कॉफीपुरतं जवळपास खरं आहे. मोठ्या कपात जेमतेम 2 ते 5 कॅलरी. लाटेत मात्र कॉफी घोटभर, बाकी दूधच. आमच्या टोन्ड दुधाच्या पिशवीवर 100 मिलीला साधारण 58 कॅलरी छापल्यात. म्हणजे 250 मिली दुधाच्या लाटेत 145, तीही साखर न घालता. व्हॅनिला सिरपच्या एका पंपात साधारण 5 ग्रॅम साखर, म्हणजे 20 कॅलरी. तीन पंप पडले की एकूण 205. वर क्रीम मागितलंत तर ते वेगळंच! स्किम्ड दुधाने आकडा उतरतो, सिरपचा भाग तेवढाच राहतो.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.