दहा दिवस कापले ते नेमके कशासाठी?

वाचकाची प्रतिक्रिया : ज्युलियस सीझरने सुरू केलेल्या ज्युलियन कॅलेंडरमधून पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये दहा दिवस कापले, त्यावरचा तुमचा लेख वाचला, पण पटला नाही. वर्ष अकरा मिनिटांनी मोठं धरलं जात होतं, तर लीप वर्षाचा नियम पुढच्यासाठी सुधारायचा, विषय संपला. दहा दिवस कापायची गरज काय? शिवाय चूक ज्युलियस सीझरपासून साचली म्हणता, तर इ.स.पू. ४५ ते १५८२ मध्ये साडेबारा दिवस होतात. इंग्लंडने मात्र अकरा कापले. एकच चूक आणि तीन आकडे! आणि लोकांच्या आयुष्यातले दिवस असे कुणी काढून घेऊ शकतं का?

उत्तर :

नमस्कार. तुमचा साडेबाराचा हिशोब बरोबर आहे आणि 'सीझरपासून' हे माझं वाक्य चूक होतं. लेखात ते बदललं आहे. पण तुम्ही बोट ठेवलंत ती जागा एका वाक्याच्या दुरुस्तीने भागणारी नाही. मूळ कारण तिथेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दहा दिवस सीझरपासून मोजलेले नाहीत, इ.स. ३२५ पासून मोजलेले आहेत. त्या वर्षी नायसिया इथे ख्रिस्ती धर्मगुरूंची परिषद भरली होती. त्या काळात वसंत संपात, म्हणजे दिवस-रात्र समान होण्याचा मार्चमधला दिवस, २१ मार्चच्या आसपास येत असे आणि चर्चच्या गणितात तीच तारीख कायमची बसली. ज्युलियन वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठं, म्हणजे साधारण १२८ वर्षांत एका दिवसाचा फरक. ३२५ ते १५८२ ही १२५७ वर्षं. भागून बघा, ९.८ येतं. आकाशातला संपात तोवर ११ मार्चपर्यंत मागे सरकला होता आणि पुस्तकातला २१ मार्चलाच होता. सीझरच्या काळात संपात २३ मार्चच्या सुमारास पडायचा. तिथवर परत जायचं कुणाच्याच मनात नव्हतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. प्रश्न फक्त ऋतूंचा असता, तर तुमचा उपाय पुरेसा होता. नियम सुधारला असता आणि संपात ११ मार्चला स्थिर झाला असता. शेतकऱ्याचं त्यात काही बिघडत नव्हतं. बिघडत होतं ते ईस्टरचं. तो सण तारखेने येत नाही. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा त्याचा नियम आहे. समजा एखाद्या वर्षी पौर्णिमा १४ मार्चला आली. आकाशात संपात ११ तारखेलाच होऊन गेलेला, म्हणजे वसंतातली पहिली पौर्णिमा हीच. पण पुस्तकाच्या हिशोबात २१ मार्च उजाडायचा आहे. मग ही पौर्णिमा सोडून द्यायची आणि एप्रिलच्या मध्यावर येणाऱ्या पुढच्या पौर्णिमेची वाट बघायची. सण एक महिना उशिरा. नुसता लीप वर्षाचा नियम बदलून ही चूक जात नाही, उलट ती कायमची गोठते.

म्हणून दुरुस्त्या दोन कराव्या लागल्या आणि त्या वेगळ्या ठेवल्या की तिन्ही आकडे जुळतात. पुढची गळती थांबवायला शतकी वर्षांचा नियम आला : १६०० लीप, पण १७००, १८००, १९०० नाही, म्हणजे ४०० वर्षांत १०० ऐवजी ९७ लीप दिवस. आणि मागची थकबाकी फेडायला दहा तारखा गाळल्या. इंग्लंड १७५२ पर्यंत थांबलं. मध्ये १७०० साल येऊन गेलं. त्या वर्षी जुन्या पद्धतीत २९ फेब्रुवारी होता, नव्यात नव्हता. थकबाकी एका दिवसाने वाढली, म्हणून अकरा. तिथे २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला.

एकदम न कापता हळूहळू फेडता आलं नसतं का? हा पर्याय रोममध्येही समोर होता. नव्या पद्धतीचा आराखडा मांडणाऱ्या लिलियसनेच सुचवलं होतं की चाळीस वर्षं लीप दिवस गाळत गेलं तरी दहा दिवस निघतील. ऐकायला सौम्य वाटतं. स्वीडनने तेच करून बघितलं आणि काय झालं ते बघण्यासारखं आहे. १७०० मध्ये त्यांनी २९ फेब्रुवारी गाळला. १७०४ आणि १७०८ मध्येही गाळायचा होता, पण देश मोठ्या युद्धात अडकलेला होता आणि ते राहून गेलं. परिणामी स्वीडनची तारीख जुन्या पद्धतीच्या एक दिवस पुढे आणि नव्याच्या दहा दिवस मागे, जगात कुणाशीच न जुळणारी. शेवटी त्यांनी माघार घेतली आणि जुन्या पद्धतीत परत जायला १७१२ च्या फेब्रुवारीला एक जादा दिवस दिला. त्या वर्षी स्वीडनमध्ये खरोखर ३० फेब्रुवारी होता! पुढे १७५३ मध्ये त्यांनीही अकरा तारखा एका फटक्यात गाळल्या, १७ फेब्रुवारीनंतर १ मार्च. माझ्या मते तुमच्या आक्षेपाला याहून चांगलं उत्तर नाही. चाळीस वर्षं रोज सगळ्या शेजाऱ्यांपेक्षा वेगळी तारीख लिहिण्यापेक्षा एका महिन्यात घाव सोसणं परवडतं.

महिना ऑक्टोबरच का, तर त्या दिवसांत चर्चचे सण कमी होते. पोप तेरावे ग्रेगरी यांच्या फर्मानात स्पष्ट म्हटलं होतं की ४ ऑक्टोबरला संत फ्रान्सिसचा सण होऊ द्या, दुसऱ्या दिवसाला १५ म्हणा.

दिवस काढून घेतल्याचं मात्र मला मान्य नाही. ४ ऑक्टोबर १५८२ ला गुरुवार होता आणि १५ ऑक्टोबरला शुक्रवार. मध्ये एकच रात्र गेली. वारांची साखळी कुठेच तुटली नाही, तुटली ती अंकांची. स्पेनमधली संत तेरेसा त्याच ४ ऑक्टोबरच्या रात्री वारली आणि दुसऱ्या दिवशी तिला पुरलं, ती तारीख १५ ऑक्टोबर. आजही तिचा सण १५ लाच असतो. खरा धोका होता तो पैशाच्या व्यवहारात. एकवीस दिवसांच्या महिन्याचं कुणी पूर्ण भाडं मागितलं तर? म्हणून देण्याघेण्याच्या मुदती दहा दिवसांनी पुढे धराव्यात, अशी सूचना फर्मानातच होती. इंग्लंडच्या कायद्यानेही मुदती खऱ्या दिवसांवर मोजायला लावल्या.

आपल्या इतिहासात याचा प्रत्यक्ष उपयोग होतो. सतराव्या शतकात सुरतेचे इंग्रज वखारवाले जुनी, म्हणजे ज्युलियन तारीख लिहीत आणि गोव्याचे पोर्तुगीज नवी, म्हणजे ग्रेगरींची ग्रेगोरियन. एकाच घटनेच्या दोन पत्रांत दहा दिवसांचं अंतर दिसलं, तर आधी हा फरक वजा करून बघायचा. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन आहे. ग्रेगोरियनमध्ये तोच दिवस १ मार्च १६३० येतो. जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, वार शुक्रवार अशी नोंद आहे. तुम्ही स्वतः पडताळून बघा. ज्युलियन पद्धतीने १९ फेब्रुवारीचा वार काढा आणि ग्रेगोरियनने १ मार्चचा. दोन्हीकडे शुक्रवारच येतो. पण १९ फेब्रुवारी हीच तारीख ग्रेगोरियन समजून वार काढलात तर मंगळवार येईल, आणि तारीख चुकीच्या पद्धतीत धरली गेली हे तिथेच कळेल.