‘सही केली म्हणजे जिवंतच ना?’ : सडेतोड पुणेकरांना उत्तर

मागच्या लेखाखाली (क्रिटिकल इलनेसच्या क्लेमचं नमुना पत्र) आलेली प्रतिक्रिया:

«पत्र लिहिणारा जिवंत आहे म्हणूनच सही करतोय ना? मग तीस दिवस जगल्याचा वेगळा परिच्छेद आणि वेगळी कागदपत्रं कशाला? उगाच लोकांना घाबरवायचं काम. शिवाय मराठीतलं पत्र हेड ऑफिसात कोण वाचणार? स्ट्रोकबद्दल तर चकार शब्द नाही. एजंट आहात का? — सडेतोड पुणेकर»

सडेतोडराव, नमस्कार.

शंका विचारण्याला माझी कधीच हरकत नसते. या लेखाखालीच इतरांनी बऱ्याच विचारल्या आहेत, त्यांना मी उत्तरंही दिली आहेत. पण ‘घाबरवायचं काम’ आणि ‘एजंट आहात का’ ही काही शंका नव्हे. ज्या घरात आत्ता बायोप्सीचा रिपोर्ट टेबलावर पडलेला आहे, त्या घरातलं कोणीतरी रात्री हा लेख वाचत असतं. त्याला आधी तुमची टिंगल दिसते आणि मग तो माझा तो परिच्छेद गाळून पत्र पाठवतो. म्हणून एवढं लांबलचक उत्तर देतोय, तुमची समजूत पटावी म्हणून नव्हे.

एक गोष्ट मान्य. हेड ऑफिसला पत्र इंग्रजीतच जावं. नमुना मराठीत दिला तो काय लिहायचं हे कळावं म्हणून, पण तसं स्पष्ट सांगायला हवं होतं. इंग्रजी मसुदा शनिवारी टाकतो.

आता तुमचं ते पहिलं वाक्य. ऐकायला फार चटपटीत आहे. फक्त त्यात असं गृहीत धरलंय की पत्र नेहमी रुग्णच लिहितो. आमच्या घरी ते ताईने लिहिलं होतं, भाऊजी गेल्यानंतर.

भाऊजींची १५ लाखांची क्रिटिकल इलनेस पॉलिसी होती. ही पॉलिसी हॉस्पिटलचं बिल भरत नाही. यादीतल्या आजाराचं निदान झालं आणि त्यानंतर ठरावीक दिवस माणूस हयात राहिला, की एकरकमी पैसे देते. तो ठरावीक काळ म्हणजे सर्व्हायव्हल पीरिअड. भाऊजींच्या पॉलिसीत तो ३० दिवसांचा होता. तो पार पडल्यावर विमेदार गेला तरी रक्कम बुडत नाही, नॉमिनीला मिळते. हे अनेकांना ठाऊकच नसतं. माणूस गेला म्हणजे क्लेमही गेला, असं समजून फाइल कपाटात टाकून देतात.

भाऊजींना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. ६ फेब्रुवारी २०२३ ला सीटी स्कॅनखाली सुई घालून बायोप्सी घेतली. ११ तारखेला हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला: नॉन-स्मॉल सेल कार्सिनोमा. त्याच तुकड्यावरच्या आयएचसी तपासणीचा रिपोर्ट २० तारखेला आला आणि त्यात अॅडिनोकार्सिनोमा असा प्रकार ठरला. १८ मार्चला भाऊजी गेले.

आता हिशोब करा. निदान ११ फेब्रुवारीचं धरलं तर दुसऱ्या दिवसापासून मोजून तिसावा दिवस येतो १३ मार्च. भाऊजी त्यानंतर पाच दिवस होते, म्हणजे अट पुरी झाली. निदान २० फेब्रुवारीचं धरलं तर तिसावा दिवस २२ मार्च, आणि चार दिवसांसाठी १५ लाख गेले. कंपनीचं पत्र आलं ते हेच सांगत. भाऊजी १८ मार्चपर्यंत हयात होते याबद्दल कोणाचाच वाद नव्हता, मृत्यूचा दाखलाच ते सांगत होता. वाद होता तो मोजायला सुरुवात कुठून करायची याचा. तुमच्या ‘सही केली म्हणजे जिवंत’ला इथे काय अर्थ उरतो, ते तुम्हीच सांगा.

कंपनीने २० तारीख हवेतून काढली नव्हती. क्लेम फॉर्मबरोबर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरायचा एक भाग असतो. त्यात ‘आजाराचं प्रथम निदान केव्हा झालं’ असा रकाना असतो. वॉर्डातल्या एका शिकाऊ डॉक्टरने फाइलमध्ये सर्वांत वर जो रिपोर्ट होता त्याची तारीख तिथे उतरवली. वर आयएचसीचा होता. ताईने फॉर्म सही-शिक्क्यासह घेतला आणि पुढे पाठवला. त्या मनःस्थितीत तो रकाना कोण तपासणार?

मी तेव्हा एका हॉस्पिटलच्या मेडिक्लेम डेस्कवर काम करत होतो. (एजंट नव्हे. पगारी माणूस, तोही फारसा नाही.) तेव्हा दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचले. पॉलिसीतली कॅन्सरची व्याख्या विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेली, सगळ्या कंपन्यांत जवळपास सारखी असते. तिला हिस्टॉलॉजीचा पुरावा लागतो, म्हणजे तुकड्यात कर्करोगाच्या पेशी दिसल्या पाहिजेत. त्या ११ तारखेच्या रिपोर्टमध्ये दिसल्याच होत्या. त्याच्या तळाशी ‘आयएचसी फॉर फर्दर टायपिंग’ असं छापलेलं होतं. सगळा क्लेम त्या शेवटच्या ओळीवर तरला. आयएचसी प्रकार ठरवायला सांगितली होती, कॅन्सर आहे की नाही ते ठरवायला नव्हे. तिथे ‘सस्पिशिअस, आयएचसी फॉर कन्फर्मेशन’ असं असतं तर कंपनीचं म्हणणं बरोबर ठरलं असतं, आणि मीही ताईला तसं स्पष्ट सांगितलं असतं. सुईने नुसत्या पेशी ओढून केलेली एफएनएसी ही तर पेशींचीच तपासणी असते. तिची तारीख निदानाची म्हणून लिहिली तर बहुतेक वेळा ‘हिस्टोपॅथॉलॉजी जोडा’ अशी क्वेरी येते.

मग ताईने दुसरं पत्र लिहिलं. त्यातला जो परिच्छेद तुम्हाला फाजील वाटतो, तो जवळपास असा होता:

«पॉलिसीतील व्याख्येनुसार आवश्यक असलेला हिस्टॉलॉजीचा पुरावा दि. ११/०२/२०२३ च्या रिपोर्टमध्ये आहे (सहपत्र १). दि. २०/०२/२०२३ चा रिपोर्ट त्याच नमुन्यावरील असून त्यात केवळ प्रकार निश्चित झाला आहे (सहपत्र २). ३० दिवसांचा कालावधी दि. १३/०३/२०२३ रोजी पूर्ण झाला. विमेदाराचे निधन दि. १८/०३/२०२३ रोजी झाले (सहपत्र ३). क्लेम फॉर्ममधील निदानाची तारीख दुरुस्त केल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत आहे (सहपत्र ४).»

ते प्रमाणपत्र मोठ्या डॉक्टरांकडून, त्यांच्या लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह घेतलं. त्यांच्या १३ फेब्रुवारीच्या ओपीडी कागदावर ‘बायोप्सी प्रूव्हन’ असं त्यांच्याच हाताने लिहिलेलं होतं, त्याचीही प्रत लावली. पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे गेलं आणि नकार मागे घेतला गेला. तिथेही नकारच आला असता तर पुढे विमा लोकपाल होते.

आता तुमच्या मनातला रुग्ण घेऊ, जो हयात आहे आणि स्वतः सही करतोय. तिथे तरी तुमचं म्हणणं खरं आहे का? निम्मं. सही चालते, पण कधी केलेली? डेस्कवर हे मी नेहमी पाहायचो. रिपोर्ट येतो, मुलगा धावत फॉर्म आणतो, वडील पलंगावरच सही करतात आणि त्याच आठवड्यात फाइल कंपनीत पोचते. वर आवक शिक्का बसतो. ती सही सांगते की माणूस पाचव्या दिवशी होता. तिसाव्याबद्दल ती काही सांगत नाही. मग ‘सर्व्हायव्हल पीरिअड पूर्ण झाल्याचा पुरावा द्या’ अशी क्वेरी येते, आणि ती ज्या ईमेलवर येते तो एजंटचा असतो. फाइल पडून राहते.

म्हणून इंटिमेशन लगेच द्यायची, निदान झाल्या झाल्या, कारण कळवण्याची मुदत वेगळी असते आणि तिला तीस दिवस थांबायची मुभा नसते. क्लेमचं पत्र मात्र ते तीस दिवस उलटल्यावर, तेही एक-दोन दिवस सोडून. निदानाचा दिवस मोजायचा की नाही यावरून कोणाला शब्दच काढता येऊ नये. सोबत त्यानंतरच्या तारखेचा, डॉक्टरांनी रुग्णाला समोर पाहून लिहिलेला एक कागद लावायचा. केमोचा डे-केअर डिस्चार्ज, फॉलोअपचा ओपीडी पेपर, काहीही चालतं. नुसतं औषधांचं बिल नको. औषधं मुलगाही आणतो. हाताशी काहीच नसेल तर डॉक्टरांकडून दोन ओळी घ्याव्यात: ‘रुग्ण आज तपासणीस माझ्यासमोर आले होते’, खाली तारीख, सही, शिक्का. दहा मिनिटांचं काम आहे. याला तुम्ही घाबरवणं म्हणत असाल तर गॅसच्या सिलिंडरवरची सूचनाही तुम्हाला घाबरवतच असेल.

आणि तारखेच्या बाबतीत कोणी अतिहुशारी करू नये म्हणून हेही लिहून ठेवतो. तीस दिवस लवकर भरावेत म्हणून काही जण मॅमोग्राफीची किंवा पहिल्या सोनोग्राफीची तारीख निदान म्हणून लिहितात. नव्या पॉलिसीत पहिल्या ९० दिवसांचा वेटिंग पीरिअड बहुधा असतोच. तारीख मागे ओढता ओढता ती त्या नव्वद दिवसांत जाऊन पडली, तर स्वतःच्या हाताने लिहून दिलेल्या तारखेवरच क्लेम नाकारला जातो. शिवाय काही पॉलिसींत नुसतं निदान नव्हे, लक्षणंही त्या काळात दिसलेली चालत नाहीत. तेव्हा कोणताही रिपोर्ट लपवायचा नाही. सगळे जोडायचे, आणि ज्यात संशय आहे त्याला संशय म्हणायचं, ज्यात निदान आहे त्याला निदान.

स्ट्रोकबद्दल लिहिलं नाही, कारण लेखाचा विषय कॅन्सरचा क्लेम होता आणि शीर्षकाखालीच तसं लिहिलेलं आहे. आपण शीर्षकाखालचं वाचलं नसावं. तरी सांगतो: स्ट्रोकमध्ये शरीरात राहिलेला दोष किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा लागतो, त्यामुळे तिथे नुसते तीस दिवस भरून भागत नाही. बाकी एजंटगिरीबद्दल वर कंसात सांगून झालंय.

नमुना पत्रातला तो परिच्छेद तसाच राहील. भाऊजींच्या केसवरून त्यात एक ओळ वाढवतोय: क्लेम फॉर्ममधला डॉक्टरांचा भाग पाठवण्याआधी निदानाच्या रकान्यातली तारीख पहिल्या हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टशी जुळवून पाहा, आणि जुळत नसेल तर फॉर्म तिथेच दुरुस्त करून घ्या, खाडाखोडीवर डॉक्टरांची सही आणि शिक्का घेऊन.