नाव खोडलं तरी नोटीस कुणाची ते कळतंय की हो

"कन्नड कागद कळत नसेल तर कुठल्याही ट्रान्सलेट साईटवर बिनधास्त टाका. कुलपाचं चिन्ह दिसलं की साईट सेफ. इन्कॉग्निटोत उघडलं की काही सेव्ह होत नाही. तुमचं कोण वाचत बसलंय! फार तर नाव आणि आधार नंबर खोडा, झालं काम."

हा फॉरवर्ड बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या आमच्या आत्याकडं पोचला आणि ती तहसीलदार ऑफिसातून आलेली जमिनीची नोटीस घेऊन फोनपुढं बसली. बाजारातलं कन्नड आत्याला फाडफाड येतंय, खरं ऑफिसचं कन्नड तिला काय, मलापण अर्धंच कळतंय. म्हणून असला मेसेज आमच्याच भागात जास्त फिरतो आणि जास्त नुकसान करतो.

कुलूप आणि इन्कॉग्निटोचं आधी उरकतो. कुलूप म्हणजे तुमच्या फोनपासून साईटपर्यंत वाटेत कुणी वाचणार नाही, एवढंच. साईटला स्वतःला सगळं दिसतंय, न दिसता भाषांतर करणार कसं? आणि इन्कॉग्निटो तुमच्या फोनवरची हिस्टरी ठेवत नाही, त्यांच्या सर्व्हरवर काय राहतंय त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

कोण वाचतंय म्हणणाऱ्यांसाठी एकच प्रकरण पुरे. 2017 मध्ये नॉर्वेच्या एनआरके या सरकारी प्रसारण संस्थेनं दाखवून दिलं की स्टॅटऑइल या तेल कंपनीच्या लोकांनी Translate.com या फुकट साईटवर टाकलेला मजकूर चक्क गूगल सर्चमध्ये सापडत होता. नोकरीवरून काढल्याची पत्रं, करार, पासवर्डसुद्धा. कुणी हॅक केलेलं नव्हतं, साईटनं मजकूर साठवला आणि तो उघड्यावर राहिला. आता मोठ्या कंपन्यांत कोण माणूस बसून आत्याची नोटीस वाचत नाही, हे मान्य. खरं फुकट सेवेत मजकूर ठेवून घ्यायची, सुधारणेसाठी वापरायची मुभा अटींमध्ये बऱ्याचदा असते. डीपएल या भाषांतराच्या साईटचंच बघा, फुकटातला मजकूर ते ट्रेनिंगला वापरू शकतात आणि पैसे भरून घेतलेल्या प्रोमधला भाषांतर झालं की पुसतात, असं ते स्वतःच सांगतात. म्हणून अटींमध्ये एवढंच शोधायचं: मजकूर किती दिवस ठेवतात आणि कशाला वापरतात. त्याचं उत्तर सापडलं नाही तर खाजगी कागद तिथं टाकायचा नाही.

आता तो शेवटचा सल्ला, ज्यानं माझं डोकं फिरलं. समजा नोटिशीत असं आहे: अमुक गाव, रि.स.नं. 87/2, क्षेत्र 1 एकर 12 गुंठे, पूर्वेस यल्लाप्पांची जमीन, पश्चिमेस नाला. आत्याचं नाव खोडलं, आधार खोडला. मग? कर्नाटकच्या भूमी वेबसाईटवर तालुका, होबळी, गाव आणि सर्व्हे नंबर घातला की उतारा कुणालाही दिसतो, मालकाच्या नावासकट. म्हणजे सर्व्हे नंबर ठेवलात तर नावच ठेवलंत. तो काढला तरी चतुःसीमेतली शेजाऱ्यांची नावं आणि क्षेत्र मिळून गावातला माणूस एका मिनिटात ओळखेल. दस्त नंबर, वर्ष आणि सबरजिस्ट्रार ऑफिस एकत्र असले की तेच.

त्यात नुसतं खोडून रिकामी जागा ठेवली की भाषांतराचा चुथडा होतो, कन्नडात प्रत्यय नावाला चिकटलेला असतो, नाव गेलं की कुणी कुणाला दिलं तेच कळत नाही. म्हणून बदलायचं. बाईच्या जागी बाईचंच खोटं नाव, प्रत्यय तसाच ठेवून. गावाला दुसरं गाव, 87/2 च्या जागी 11/1, क्षेत्र आणि रक्कमही दुसरी. शेजारी पण बदलायचे. कशाच्या जागी काय घातलं ते वहीत लिहायचं, फोनवर नको, आणि भाषांतर आल्यावर परत जागेवर घालून प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडायचा. एक मात्र बदलायचं नाही: किती दिवसांत हरकत घ्यायची ती मुदत, नोटीस वाचायची तीच तर गरज आहे.

फोटो अपलोड करू नका. त्यात सही, शिक्का, अंगठा सगळं जातंय, आणि आधारनं चालणाऱ्या पैसे काढायच्या सेवेत आधार नंबर आणि बोटाचा ठसाच लागतो. पीडीएफवर काळी पट्टी ओढली तरी बऱ्याचदा खालची अक्षरं सिलेक्ट करून कॉपी होतात, स्वतः करून बघा. लागेल तेवढाच परिच्छेद टाईप करून घ्या.

आत्यासाठी मी शेवटी गूगल ट्रान्सलेटचं ॲप घातलं, कन्नड आणि मराठी दोन्ही आधीच डाउनलोड करून एअरप्लेन मोड लावला आणि मग बदललेला मजकूर टाकला. नेट नसताना भाषांतर आलं म्हणजे तेव्हा काही बाहेर गेलं नाही. नेट परत चालू करायच्या आधी ॲपमधली हिस्टरी पुसली. ऑफलाईनचं भाषांतर जरा ओबडधोबड येतं, पण नोटीस कशाची आणि मुदत किती एवढं कळलं. पुढची हरकत लिहायला कागद घेऊन बेळगावला वकिलाकडंच जाणार आहे ती.