गोळी थांबवल्यावर अ‍ॅसिडिटी का उसळते?

«अ‍ॅसिडिटीची गोळी बंद केली की जळजळ आधीपेक्षाही वाढते. म्हणजे मूळ आजार बळावला आहे, गोळीने पोट कायमचे बिघडवले आहे आणि आता ती जन्मभर घेण्यावाचून गत्यंतर नाही.»

जळजळ वाढते हे निरीक्षण खरे आहे, पण त्यावरून काढलेले तीनही निष्कर्ष चुकीचे आहेत.

आधी मूळ आजाराविषयी. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनिश अभ्यासात अ‍ॅसिडिटीचा त्रासच नसलेल्या 120 निरोगी व्यक्तींचे दोन गट केले होते. एका गटाला आठ आठवडे रोज 40 मिलिग्रॅम एसोमेप्राझोल हे आम्ल कमी करणारे औषध आणि नंतर चार आठवडे औषधविरहित गोळी मिळाली, तर दुसऱ्याला बाराही आठवडे औषधविरहित गोळीच मिळाली. शेवटच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातील 44 टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर किंवा पोटदुखी झाली. दुसऱ्या गटात हे प्रमाण 15 टक्के होते. ज्यांना आजारच नव्हता, त्यांचा आजार बळावला असे कसे म्हणणार?

पोट कायमचे बिघडते का, याचे उत्तर आम्ल तयार होण्याच्या क्रमातच आहे. जठरात आम्ल कमी झाले की गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढते. त्याच्या प्रभावाने जठरातील काही पेशी हिस्टामिन सोडतात आणि ते आम्ल तयार करणाऱ्या पेशींना कामाला लावते. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल यांसारखी औषधे या साखळीची शेवटची कडी, म्हणजे आम्ल बाहेर टाकणारे पंप, बंद करतात. परंतु वरून येणारा आदेश चालूच राहतो, किंबहुना आठवडेच्या आठवडे तो तीव्र होत जातो आणि हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींची संख्याही वाढते. गोळी थांबल्यावर पंप काही दिवसांतच पूर्ववत होतात, वाढलेल्या पेशी ओसरायला मात्र कित्येक आठवडे लागतात. त्रास होतो तो या मधल्या काळात, आणि तो बहुधा काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत शमतो. पंप बंद न करता हिस्टामिनचा परिणाम रोखणाऱ्या फॅमोटिडिनसारख्या गोळ्यांनंतरची उसळी सहसा सौम्य आणि थोड्या दिवसांची असते.

आता जन्मभराचा प्रश्न. या उसळीला घाबरून गोळी पुन्हा सुरू केली की लगेच बरे वाटते आणि गोळीची गरज सिद्ध झाल्यासारखी वाटते. माझ्या मते अनेकांची गोळी वर्षानुवर्षे चालू राहण्याचे हे मोठे कारण आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा निम्मी करून, मग दिवसाआड घेऊन, किंवा एकदम थांबवूनही औषध सोडता येते, आणि मधल्या त्रासासाठी जळजळ होईल तेव्हाच साधे अँटासिड किंवा फॅमोटिडिन घेता येते. दोन-तीन महिन्यांनंतरही त्रास तसाच राहिला, तर मात्र मूळ आजार असण्याची शक्यता तपासावी लागते.

अन्ननलिकेला गंभीर इजा असलेल्यांनी, आम्लामुळे अन्ननलिकेचे अस्तर बदललेल्या, म्हणजे बॅरेट्स इसोफेगस असलेल्यांनी आणि रक्तस्रावाचा धोका असताना अ‍ॅस्पिरिन किंवा वेदनाशामके घेणाऱ्यांनी हे औषध स्वतःहून थांबवू नये. गिळताना घास अडकणे, रक्ताची उलटी, काळी शौच किंवा विनाकारण वजन घटणे ही उसळीची लक्षणे नव्हेत. त्यांसाठी वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.